बिलात न दिसणारा दंड

एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्याची लागोपाठ दोन महिन्यांची वीजबिलं समोर आहेत असं समजा. दोन्ही महिन्यांत यंत्रं सारखीच चालली, माल सारखाच निघाला आणि मीटरने मोजलेली प्रत्यक्ष वीजही सारखीच, ४५,६०० युनिट. तरी दुसरं बिल सुमारे छत्तीस हजार रुपयांनी जास्त आलं. मालक बिलावरची प्रत्येक ओळ वाचतो. दंड असा शब्द कुठेच नाही, थकबाकी नाही, विलंब आकार नाही, दरही बदललेला नाही. मग हे पैसे गेले कुठे?

उत्तर बिलातच असतं, पण दोन बिलं शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणून महिन्याच्या बिलातले ठरावीक आकडे उचलून एका तक्त्यात ओळीने मांडायचे. बहुतेक ठिकाणी असा तक्ता केला जातो, पण त्यात महिना, युनिट आणि रक्कम एवढ्या तीनच रकान्यांची भरती होते. रक्कम दरासोबत, इंधन समायोजनासोबत आणि करासोबत हलते. युनिट हा एकच आकडा आहे, असा समजही चुकीचा आहे. या तीन रकान्यांतून वरचे छत्तीस हजार कधीच सापडणार नाहीत.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटच्या वरच्या बऱ्याच लघुदाब ग्राहकांना वीज केव्हीएएच या मापाने विकली जाते. त्याआधी बिल किलोवॉट-तासावर, म्हणजे आपल्या ओळखीच्या युनिटवर निघे. पॉवर फॅक्टर घसरला तर दंडाची वेगळी ओळ छापली जाई, चांगला राहिला तर सवलतीची. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी लाइनवर जो जादा प्रवाह खेळवतात, त्यातून काम होत नाही, पण तारांवर भार पडतो. केव्हीएएच मोजताना हा भार आपोआप धरला जातो. त्यामुळे दंडाची ओळ गेली, दंड मात्र युनिटांच्या आकड्यात मिसळला. म्हणूनच मार्च २०२० च्या आधीची आणि नंतरची ‘बिल झालेली युनिटं’ एकाच रकान्यात सलग लिहिली, तर दोन वेगळी मापं एकाखाली एक येतात आणि वाढ नसताना वाढ दिसते.

तेव्हा तक्त्यात पहिल्यांदा दोन युनिटं हवीत, किलोवॉट-तास आणि केव्हीएएच. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सरासरी पॉवर फॅक्टर मिळतो. आपल्या कारखान्यात पहिल्या महिन्यात ४८,००० केव्हीएएच होते, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९५. दुसऱ्या महिन्यात तोच आकडा ५२,००० झाला आणि पॉवर फॅक्टर ०.८८ वर आला. हिशेब सोपा व्हावा म्हणून केव्हीएएचला नऊ रुपये दर धरला, तर वाढलेल्या चार हजारांचे छत्तीस हजार होतात.

पण हे का घडलं, ते सांगायला आणखी दोन आकडे लागतात. ते बिलावर असूनही कुणी उतरवत नाही. मीटर निष्क्रिय वीज दोन भागांत नोंदवतो, लॅग आणि लीड. मोटारींमुळे लॅग वाढतो. तो भरून काढायला बसवलेले कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त वेळ लाइनवर राहिले, तर लीड वाढतो. महाराष्ट्रातल्या बिलिंगमध्ये या दोघांची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. त्या बेरजेचा वर्ग आणि किलोवॉट-तासांचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की केव्हीएएच येतात. आपल्या कारखान्यात पहिल्या महिन्यात लॅग १३,००० आणि लीड २,००० होता. दुसऱ्या महिन्यात लॅग ११,००० वर उतरला आणि लीड १४,००० वर गेला. म्हणजे कपॅसिटर कमी पडत नव्हते, ते बंदच होत नव्हते. रात्री मोल्डिंग यंत्रं थांबल्यावर पॅनेलने कपॅसिटर सोडवायला हवेत, पण एखादा काँटॅक्टर चिकटला की ते रात्रभर जोडलेले राहतात. केवळ पॉवर फॅक्टर घसरला एवढंच कळलं असतं, तर मालकाने बहुधा आणखी कपॅसिटर विकत घेतले असते आणि नुकसान वाढवलं असतं. लॅग आणि लीड वेगळे लिहा, एवढा एक आग्रह मी प्रत्येकापाशी धरते, तो याचसाठी.

आता मागणी आकार. वीज किती वापरली याहून वेगळा प्रश्न म्हणजे ती एका वेळी किती ओढली. नियमातल्या व्याख्येप्रमाणे महिन्यातल्या सलग तीस मिनिटांच्या सर्वांत जड तुकड्यात जितकी वीज गेली, तिची दुप्पट म्हणजे त्या महिन्याची कमाल मागणी. महिनाभर यंत्रं शिस्तीत चालवली आणि एका सकाळी वीज गेल्यानंतर सगळे हीटर एकदम तापवले, तर तो अर्धा तास महिन्याचा आकडा ठरवतो.

बिलावर मागणीचे तीन आकडे असतात आणि तिन्ही उतरवायचे असतात: करार मागणी, नोंदलेली मागणी आणि बिल झालेली मागणी. शेवटचे दोन बरेचदा सारखे नसतात. बिल होते ती तीन आकड्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर. त्यांतला एक म्हणजे या महिन्यात नोंदलेली मागणी, दुसरा मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च बिल मागणीचा ७५ टक्के भाग, आणि तिसरा करार मागणीचा आयोगाने दर आदेशात ठरवलेला टक्का.

उदाहरणातला कारखाना पुन्हा घेऊ. करार मागणी २०० केव्हीए, मागणी आकाराचा दर समजा ५०० रुपये. मे महिन्यात मोठी ऑर्डर होती आणि नोंदलेली मागणी २०० पर्यंत गेली. जूनपासून काम कमी झालं आणि नोंद ११८ वर आली. त्याचे ७५ टक्के म्हणजे १५० मेच्या नोंदीने बांधलेले आहेत, आणि तिसरी मर्यादा याहून वर जात नाही असं धरू. मग बिल १५० वर निघतं. न वापरलेल्या ३२ केव्हीएचे १६,००० रुपये जूनमध्ये गेले, जुलैमध्येही गेले, आणि काम असंच राहिलं तर मेची ओळ अकरा महिन्यांच्या खिडकीतून बाहेर पडेपर्यंत जात राहतील, म्हणजे एकूण १,७६,००० रुपये. यालाही बिलावर दंड म्हणत नाहीत. तक्त्यात मात्र ‘बिल झालेली वजा नोंदलेली’ असा एक रकाना ठेवला, तर तो दर महिन्याला ३२ दाखवतो.

पडताळणीसाठी एक सूत्र पुरतं. समजा D रकान्यात करार मागणी, E मध्ये नोंदलेली, F मध्ये बिलावर छापलेली बिल मागणी आणि G मध्ये तिसरी मर्यादा आहे, आणि दर महिना एक ओळ. मग चौदाव्या ओळीसाठी:

```
=MAX(E14, MIN(D14, 0.75*MAX(F3:F13)), G14)
```

याचं उत्तर F14 शी जुळलं नाही, तर एक तर आकडा चुकीचा उतरवला आहे किंवा बिलाबद्दल अर्ज करायला कारण आहे. चुकीचा उतरवल्याची शक्यता आधी तपासा. बिलावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांच्या विभागांनुसार मागणीचा एक छोटा तक्ता असतो आणि लोक त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलतात. बिल मागणीसाठी वर्षानुवर्षं सकाळी ६ ते रात्री १० ही वेळच धरली गेली आहे, त्यामुळे रात्रीच्या विभागातला आकडा मोठा असला तरी तो इथे चालत नाही. आपल्याला लागू असलेला दर आदेश एकदा उघडून ही वेळ पाहून घ्यावी, कारण हे विभाग आदेशागणिक बदलतात.

खरा, ओळीने छापलेला दंड करार मागणी ओलांडल्यावर येतो. तेव्हा पूर्ण नोंदलेल्या मागणीवर नेहमीचा दर लागतो आणि वरच्या भागावर आणखी दीडपट. २०० च्या करारावर २३० नोंद झाली, तर २३० चे १,१५,००० आणि जादा ३० चे प्रत्येकी ७५० प्रमाणे २२,५००. हे दोन आकडे तक्त्यात एकत्र करू नयेत. मागणी आकाराच्या रकान्यात १,३७,५०० लिहिले, तर पुढच्या वर्षी करार वाढवावा का, हे ठरवताना पाया हरवतो. विलंब आकार, म्हणजे मुदत टळल्यावर लागणारे १.२५ टक्के, हाही वेगळ्याच रकान्यात जातो. त्याचा विजेशी संबंध नाही, तो हिशेबनिसाच्या टेबलावर सुटणारा प्रश्न आहे. आणि बिलाची देय रक्कम तर या तक्त्यात अजिबात नको, कारण तिच्यात मागची थकबाकी आणि आधीच्या महिन्यांच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात.

एकच मीटर असेल, तर बिलं हाताने उतरवावीत असं माझं मत आहे. वर्षाची बारा बिलं म्हणजे काही फार काम नाही, आणि उतरवणाऱ्याचं लक्ष बदलावर आपोआप जातं. नगरपालिकेसारखी शेकडो जोडण्या असलेली संस्था असेल, तर बिलांच्या पीडीएफमधून मजकूर काढणं भाग पडतं:

```
pdftotext -layout bill.pdf bill.txt
```

यातला `-layout` महत्त्वाचा आहे. तो नसला तर तक्त्यातले रकाने विस्कटतात आणि लॅगचा आकडा लीडच्या नावाखाली येऊ शकतो. कागदी बिलाचा फोटो असेल तर ही आज्ञा उपयोगाची नाही, तिथे अक्षरओळख करावी लागते. ती दशांश चिन्ह गिळते आणि ११८.५ चे ११८५ होतात. म्हणून काढलेल्या प्रत्येक बिलावर एक गणिती चाचणी लावायची. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून गुणक अवयवाने गुणलं की किलोवॉट-तास यायला हवेत. आपल्या कारखान्यात फरक १,१४० आणि गुणक ४०, म्हणून ४५,६००. मीटर मध्येच बदलला असेल किंवा बिल सरासरीवर काढलं असेल, तर हा मेळ बसत नाही. त्यासाठी मीटरची स्थिती लिहायला एक रकाना ठेवला, की ‘फॉल्टी’ किंवा ‘लॉक’ शेरा असलेल्या महिन्यांचे आकडे कुणी खरे धरत नाही. दर महिन्यात मध्येच बदलला असेल, तर वीज आकार दोन ओळींत छापला जातो आणि पहिलीच ओळ उचलणारी आज्ञावली अर्धाच आकार घेते. रीडिंगच्या तारखाही घ्याव्यात. दोन रीडिंगमध्ये अठ्ठावीस दिवस होते की तेहतीस, हे माहीत नसेल तर महिन्यांची तुलना दिवसागणिक करता येत नाही.

एवढं सगळं केल्यावरही हा तक्ता मागणी कोणत्या महिन्यात चढली एवढंच सांगतो. तो अर्धा तास नेमका कुठल्या दिवशी, किती वाजता आला, हे मासिक बिलावर नसतं. ते मीटरच्या आत साठवलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींत असतं. त्या नोंदी वीज कंपनीकडे मागता येतात, किंवा मुख्य पॅनेलवर स्वतःचा मागणी मोजणारा मीटर बसवता येतो. तक्त्यात बिल झालेली आणि नोंदलेली मागणी यांच्यातलं अंतर सलग काही महिने टिकून राहिलं, तर करार मागणी बदलण्याचा अर्ज करण्याआधी या नोंदी हातात असायला हव्यात, कारण मेमधला तो उंच अर्धा तास ऑर्डरमुळे आला की हीटर एकदम लावल्यामुळे, यावर करार कमी करायचा की फक्त सकाळी यंत्रं सुरू करण्याचा क्रम बदलायचा, हे ठरतं.