निवळी पुन्हा निवळते तेव्हा

नेरूळच्या आमच्या सोसायटीतली नववीतली एक मुलगी मागच्या महिन्यात, रविवारी सकाळीच दारात येऊन उभी राहिली. हातात कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या, दोन थर्मामीटर आणि एक टेबललॅम्प. ‘काका, कार्बन डायऑक्साइडचा प्रोजेक्ट आहे. एका बाटलीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर-सोड्याचा गॅस. दिवा लावल्यावर गॅसची बाटली जास्त तापायला हवी ना? माझी कधी तापते, कधी नाही.’

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आहे, आणि हा प्रयोग माझा जुना शत्रू आहे. पुष्कळदा गॅसची बाटली खरोखरच जास्त तापते; पण तिच्यात आर्गॉन भरला तरी तसंच होतं. आर्गॉन उष्णतेचे किरण मुळीच शोषत नाही. तो फक्त हवेपेक्षा जड असतो, कार्बन डायऑक्साइडही जड असतो. जड वायू बाटलीच्या तळाशी बसून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही, म्हणून थंड व्हायला वेळ लागतो. म्हणजे उत्तर पुस्तकातलं येतं, पण कारण भलतंच असतं. मी तिला बाटल्या बाजूला ठेवायला सांगितल्या.

हरितगृह परिणाम फूटभर बाटलीत मावत नाही, कारण तो रेणूच्या वाकण्याचा आणि हवेच्या उंचीचा मामला आहे. कोरड्या हवेतला 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. या दोघांच्या रेणूत दोन सारखेच अणू. ते कितीही थरथरले तरी विद्युतभार दोन्ही बाजूंना सारखाच राहतो, त्यामुळे जमिनीतून निघणारे अवरक्त किरण त्यांना न शिवता निघून जातात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे सरळ काठी, मधे कार्बन आणि दोन टोकांना ऑक्सिजन. ही काठी मधोमध वाकली की भार एका बाजूला झुकतो. या वाकण्याची लय 15 मायक्रोमीटर लांबीच्या किरणांशी जुळते आणि पृथ्वी आपली उष्णता ज्या किरणांतून बाहेर टाकते, त्यांच्या ऐन मध्याच्या आसपासच ही लांबी येते. रेणू ते किरण गिळतो, शेजारच्या रेणूंना धडकतो आणि हवा तापते.

इथे हुशार मुलं हमखास एक शंका काढतात. तिनेही काढली. ‘हे किरण आत्ताच सगळे गिळले जात असतील, तर गॅस वाढून काय फरक पडणार?’ शंका रास्त आहे. जमिनीजवळ ते खरंच थोड्याच अंतरात गिळले जातात. पण गरम हवा स्वतःही तेच किरण बाहेर टाकते, वरचा थर ते गिळतो, पुन्हा टाकतो, असं करत शेवटी एका उंचीवरून उष्णता अवकाशात सुटते. वायू वाढला की ही सुटकेची उंची आणखी वर सरकते. वर थंडी जास्त आणि थंड थर कमी उष्णता टाकतो. आत येणारं ऊन तेवढंच, बाहेर जाणारी उष्णता कमी. मग हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालची जमीन तापत राहते. वायू वाढला तर तापमान किती वाढेल, याचं गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने 1896 साली हाती आकडेमोड करून मांडलं होतं.

प्रमाण किती? एक लिटरच्या बाटलीतल्या हवेत आज सुमारे 0.42 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड असतो, ड्रॉपरच्या आठ-साडेआठ थेंबांएवढी जागा. कोळशाचं युग सुरू होण्याआधी ते साडेपाच थेंब होते. दर दहा लाख भागांत 280 वरून 420 च्या पुढे, असं पुस्तकात असतं. मुलीला थेंबच पटले.

हवेत हा रेणू नुसता वाकतो, कोणाशी संयोग पावत नाही. पाण्यात शिरला की मात्र त्याचं रूपच पालटतं, आणि ते शाळकरी मुलाला काचेच्या पेल्यात दाखवता येतं. साहित्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे: चुन्याची निवळी. फुंकर मारली की दुधाळ होते, हे पाचवी-सहावीपासून पाठ असतं. ‘दुधाळ झाली, कार्बन डायऑक्साइड सिद्ध झाला’ म्हणून बाई पुढच्या धड्याकडे वळतात. माझ्या मते खरा धडा तिथून पुढे सुरू होतो. फुंकत राहिलं तर दुधाळपणा नाहीसा होतो.

पानाच्या टपरीवरून चिमूटभर चुना आणला. तो बाटलीभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, हलवून बूच घट्ट लावून रात्रभर ठेवला. सकाळी वरचं नितळ पाणी हलकेच ओतून घेतलं. नळाचं पाणी चालत नाही. त्यात आधीच थोडं बायकार्बोनेट असतं, त्याने निवळी फुंकण्याआधीच गढुळते. बूच उघडं राहिलं तर पृष्ठभागावर पांढरी साय धरते. ती खोलीतल्या हवेतल्या वायूनेच धरलेली असते. मी ती मुद्दाम तिला दाखवली. मग स्ट्रॉ. तिच्या वरच्या टोकाजवळ टाचणीने एक भोक पाडायचं, म्हणजे चुकून ओढलं तरी हवा येते, चुन्याचं पाणी तोंडात येत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तिने फुंकलं. निवळी दुधाळ झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, दूध काही जाईना. ‘पुस्तकात तर जातं म्हटलंय.’ इथेच बहुतेकांचा प्रयोग बसतो आणि सगळे कंटाळून उठतात. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण चार टक्के असतो, बाहेरच्या हवेच्या शंभरपट. तरीही एवढ्या वायूला झेपेल इतकाच चुनखडीचा भुगा पाण्यात विरघळतो. भरपूर चुना विरघळलेली निवळी त्याच्या कितीतरी पटींनी जास्त दाट असते. म्हणून एक भाग निवळीत नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि नव्याने सुरुवात केली. या खेपेला दूध फिकं झालं, पेल्यामागे धरलेल्या वहीच्या रेघा धूसर दिसू लागल्या. थांबत, श्वास घेत, चक्कर येऊ न देता ती फुंकत राहिली, आणि काही वेळाने रेघा स्वच्छ दिसल्या.

वहीत आम्ही दोन ओळी लिहिल्या:

Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O
CaCO₃ + CO₂ + H₂O ⇌ Ca(HCO₃)₂

पहिल्या ओळीतलं CaCO₃ म्हणजे ते दूध, आणि तेच शिंपला. तिसऱ्या, कालवं, खुबे यांचं कवच मुख्यतः याच पदार्थाचं. दुसरी ओळ सांगते की आणखी वायू आला की हा पांढरा पदार्थ बायकार्बोनेट होऊन पाण्यात जातो. बाण दोन्हीकडे आहेत. तो स्वच्छ पेला स्टीलच्या भांड्यात ओतून उकळला, वायू निघून गेला आणि पाणी पुन्हा किंचित गढूळ झालं. गिझरमध्ये साचणारा पांढरा थर हा याच बाणाचा.

पुष्कळ प्रोजेक्टांत शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून ‘समुद्राचं आम्लीकरण’ दाखवतात. मला ते दिशाभूल करणारं वाटतं. व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास, समुद्राचा 8.1. सामूची मोजपट्टी दहाच्या पटींची असल्यामुळे व्हिनेगरमध्ये हायड्रोजन आयन समुद्राच्या जवळजवळ चार लाख पट होतात. शिवाय तिथे बुडबुडे येतात, म्हणजे वायू बाहेर पडतो. समुद्रात घडतं ते उलट: वायू आत येतो आणि नाहीसा होतो.

समुद्राचं पाणी आजही अल्कधर्मी आहे, आम्ल नव्हे. आपण हवेत सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा वायू त्यात मुरतो. पाण्याशी मिळून तो कार्बोनिक आम्ल होतो आणि ते हायड्रोजन आयन सोडतं. हे आयन मोकळे फिरत राहत नाहीत. बरेचसे पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. म्हणून पृष्ठभागाचा सामू 8.2 वरून 8.1 इतकाच उतरला आहे. 0.1 ऐकायला क्षुल्लक, पण त्या मोजपट्टीवर त्याचा अर्थ हायड्रोजन आयन सव्वापट. आणि पकडलं गेलेलं ते कार्बोनेट हाच शिंपला बांधण्याचा माल. उष्ण समुद्रांच्या पृष्ठभागावर तो अजून पुरेसा आहे, त्यामुळे आपल्याकडची मोठी कालवं आज विरघळत नाहीयेत. अडचण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीची आहे. तिला मोजक्या दिवसांत, अंगातल्या मोजक्या ताकदीवर पहिलं कवच घडवायचं असतं. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स उपसागरातल्या एका कालव-केंद्रात 2007-08 मध्ये अशा अळ्या मोठ्या प्रमाणात मेल्या. खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी वाऱ्याने वर आल्यावर हे होतं, असं पुढे लक्षात आलं. आता ते आत घेतलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळतात, म्हणजे हरवलेलं कार्बोनेट परत घालतात.

हे ऐकल्यावर तिला लगेच वाशीच्या पुलाखाली जाऊन खाडीचा सामू मोजायचा होता. ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे, फ्लेमिंगोंमुळे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा प्रोजेक्टला शोभाही आली असती. गेलो, पण आधी तिला सांगून ठेवलं: खाडी म्हणजे मोकळा समुद्र नव्हे. सांडपाणी आणि कांदळवनातला पाचोळा चिखलात कुजतो, कुजताना कार्बन डायऑक्साइडच सुटतो. ओहोटीला खाडीतलं हे पाणी वरचढ, भरतीला बाहेरचं. दिवसा शेवाळ वायू खातं, रात्री सोडतं. खाडीत दिवसभरात होणारा चढउतार जागतिक बदलापेक्षा सहज मोठा असू शकतो. तिथे सामू कमी आला तर तो कोळशाच्या धुराच्या नावावर लिहिता येत नाही. धुराचा वाटा वेगळा काढायचा असेल तर त्याच जागी, त्याच भरतीला, वर्षानुवर्षं मोजावं लागतं, तेही कागदी पट्टीने नाही.

तिच्याकडे कागदी पट्टीच होती, एकेका अंकाच्या फरकाने रंग बदलणारी. भरतीला एक बुडवली, सहा तासांनी ओहोटीला दुसरी. दोन्ही हिरवट निळ्या, सारख्याच. घरी येऊन तिने दोन्ही वहीत शेजारीशेजारी चिकटवल्या, खाली लिहिलं, ‘या पट्टीवर फरक दिसत नाही’, आणि मग रिकाम्या जागेत पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.