डिलीट केलेली व्हायरसची फाइल पुन्हा येते? ‘सेफ मोड’मध्ये असा काढा काटा

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या येरमाळ्यासारख्या गावात ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. कुणाला सातबारा छापायचा असतो, कुणाला पीकविम्याची पावती, तर कुणाला मुलाचा दाखला. त्यातल्या एका पेनड्राइव्हमध्ये ‘शॉर्टकट व्हायरस’ असला तर तो संगणकात शिरतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हवर चढतो. दुकानदार ती फाइल डिलीट करतो, पण थोड्या वेळाने ती पुन्हा तिथेच दिसते. असे का होते आणि अशी फाइल कायमची कशी काढायची, ते समजून घेऊ.

ओळखायचे कसे?

या प्रकारातला एक जुना आणि बराच पसरलेला व्हायरस उदाहरणादाखल पाहू. पेनड्राइव्ह उघडल्यावर आतले सगळे फोल्डर गायब झालेले असतात आणि त्यांच्या जागी पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट दिसतो. त्याच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. माणूस त्यावर क्लिक करतो, त्याच्या फाइली उघडतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पण त्याच क्लिकने व्हायरस संगणकात उतरलेला असतो.

संगणकात तो `WindowsServices` नावाचे फोल्डर तयार करतो. नाव असे की कुणालाही ते विंडोजचेच वाटावे. त्यात `helper.vbs`, `installer.vbs` आणि `movemenoreg.vbs` अशा फाइली असतात. पेनड्राइव्हमधल्या मूळ फाइली मात्र नष्ट झालेल्या नसतात. त्या `_` अशा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये हलवलेल्या असतात. म्हणून घाईने पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. व्हायरस जाईल, पण त्याबरोबर कागदपत्रेही जातील.

फाइल जात का नाही?

याची कारणे दोन. पहिले म्हणजे, चालू असलेली प्रोग्रामची फाइल विंडोज पुसू देत नाही. ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश येतो. दुसरे कारण जास्त फसवे आहे. फाइल पुसली जाते, पण व्हायरस आधीच मेमरीत चालू असतो. आपली फाइल गायब झाल्याचे लक्षात आले की तो नवी प्रत बनवतो. शिवाय संगणक सुरू होताना आपोआप चालू व्हायची सोय त्याने करून ठेवलेली असते. त्यामुळे संगणक बंद करून चालू केल्यानेही काही फरक पडत नाही.

यावर उपाय एकच. व्हायरस चालूच झालेला नसताना त्याची फाइल पुसायची. त्यासाठी सेफ मोड उपयोगी पडतो. या मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर आणि सेवा घेऊन सुरू होते. स्टार्टअप फोल्डरमधले प्रोग्राम, रजिस्ट्रीतल्या यादीतून आपोआप चालणारे बहुतेक प्रोग्राम आणि टास्क शेड्युलरने ठरवलेली कामे सुरूच होत नाहीत. व्हायरसची फाइल डिस्कवर असते, पण निपचित पडलेली.

सेफ मोडमध्ये कसे जायचे?

आधी सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज 10 किंवा 11 असेल तर शिफ्ट की दाबून धरा आणि तशीच धरून Restart वर क्लिक करा. निळा पडदा आला की Troubleshoot, मग Advanced options, मग Startup Settings आणि शेवटी Restart निवडा. संगणक पुन्हा सुरू होताना आकड्यांची यादी दिसते. त्यात 4 दाबा. विंडोज 7 असेल तर संगणक सुरू होताना F8 दाबत राहावे लागते.

काळा पडदा आणि चारही कोपऱ्यांत Safe Mode ही अक्षरे दिसली की आपण योग्य जागी पोहोचलो.

दोन गोष्टी मात्र आधीच हाताशी हव्यात. एक म्हणजे खात्याचा पासवर्ड, कारण रोजचा पिन इथे चालेलच असे नाही. दुसरी म्हणजे बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती मागितली जाऊ शकते.

काय पुसायचे?

विंडोज की आणि R एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत हे टाइप करा:

```
%appdata%
```

उघडलेल्या फोल्डरमध्ये `WindowsServices` शोधा. दिसत नसेल तर फाइल एक्स्प्लोररमधून लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करा. मिळालेले फोल्डर निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे ते रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाईल. मग त्याच चौकटीत हे टाइप करा:

```
shell:startup
```

इथे `helper` नावाचा शॉर्टकट असेल तर तोही पुसा. व्हायरसला पुन्हा उठवणारा तोच असतो.

एक चूक टाळा. टास्क मॅनेजरमध्ये या व्हायरसबरोबर `wscript.exe` चालू दिसते. ती फाइल विंडोजची स्वतःची आहे, व्हायरस तिचा फक्त वापर करतो. `System32` फोल्डरमधून ती पुसू नये.

पेनड्राइव्हमधल्या फाइली

आता पेनड्राइव्ह लावा, पण त्यातल्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्स्प्लोररमध्ये त्याचे अक्षर पाहा. ते E असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ द्या, वेगळे असेल तर E च्या जागी ते अक्षर लिहा:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

लपवलेले फोल्डर दिसू लागेल. आतली कागदपत्रे बाहेर घ्या. मग शॉर्टकट आणि पेनड्राइव्हवरचे `WindowsServices` फोल्डर पुसून टाका. संसर्ग झालेल्या काळात लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह असाच साफ करावा लागतो. एक जरी राहिला तरी व्हायरस परत येतो.

गेला की नाही, कसे कळेल?

संगणक नेहमीसारखा सुरू करा आणि `%appdata%` पुन्हा तपासा. मग एक रिकामा पेनड्राइव्ह लावून पाहा. त्यावर काही मिनिटांत शॉर्टकट तयार झाला नाही, तर काम फत्ते. तयार झाला, तर व्हायरसला सुरू करणारी आणखी एखादी जागा शिल्लक आहे. ती टास्क शेड्युलरमध्ये किंवा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत शोधावी. टास्क शेड्युलर सेफ मोडमध्ये चालत नाही, म्हणून ही तपासणी नेहमीच्या मोडमध्येच करावी.

सेफ मोड कुठे कमी पडतो?

काही व्हायरस ड्रायव्हरच्या रूपात बसतात आणि सेफ मोडमध्येही चालू राहतात. अशा वेळी विंडोज सिक्युरिटीमधले Microsoft Defender Offline scan वापरावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करते आणि साधारण 15 मिनिटे घेते. खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या असतील तर मूळ व्हायरस पुसूनही त्या उघडत नाहीत. उलट, ‘स्नॅच’ नावाचे रॅन्समवेअर 2019 मध्ये संगणक मुद्दाम सेफ मोडमध्ये सुरू करून फाइली कुलूपबंद करताना आढळले होते, कारण तिथे बरेचसे अँटिव्हायरसही झोपलेले असतात.

म्हणूनच साफसफाई झाली की सेफ मोडमध्ये काम करत बसू नये. नेहमीच्या मोडमध्ये येऊन अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. त्या संगणकावरून बँकेचे किंवा सरकारी पोर्टलचे लॉगिन झाले असेल, तर ते पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत.