ट्रस्ट डीड शेवटाकडून वाचावे

वडिलांनी कधीतरी कौटुंबिक ट्रस्ट केलेला असतो. डीडची फाइल कपाटात असते आणि ती उघडली जाते घरात काहीतरी बदलायचे असते तेव्हा. धर्मादाय आयुक्तांकडे चौकशी करून उपयोग नसतो, कारण खासगी कौटुंबिक ट्रस्ट त्यांच्या अखत्यारीत येत नाही. त्याला लागू होतो 1882 चा भारतीय विश्वस्त कायदा, आणि त्याच्याही आधी खुद्द ते डीड.

समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाचे 2014 सालचे डीड आपल्यासमोर आहे. मुलाला ट्रस्टचे काही पैसे म्युच्युअल फंडात घालायचे आहेत. प्रश्न साधा वाटतो. एक कोरा कागद घ्यायचा आणि डीड वाचताना त्यावर पाच रकाने भरत जायचे.

पहिला रकाना सेटलरचा, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्याचा. इथे वडिलांचे नाव असेल असे सगळेच धरून चालतात. पण या डीडमध्ये सेटलर आहेत वडिलांचे स्नेही. त्यांनी दहा हजार रुपये देऊन ट्रस्ट सुरू केला आणि वडिलांनी मुदत ठेवी व फ्लॅट नंतर दिला. ही पद्धत अगदी नेहमीची आहे. म्हणून सेटलर कोण आणि मालमत्ता कोणी दिली, हे वेगवेगळे लिहावे. जाता जाता फ्लॅटचा दस्तही पाहावा. स्थावर मालमत्ता ट्रस्टकडे यायला नोंदणीकृत दस्त लागतो. परिशिष्टात फ्लॅटचा पत्ता टंकून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे काम झाले असे होत नाही.

विश्वस्त तीन: आई, मुलगा आणि मामा. नावांपेक्षा त्यांनी निर्णय कसा घ्यायचा ते टिपणे महत्त्वाचे. डीडमध्ये बहुमताची सोय नसेल तर कायद्याप्रमाणे सगळ्यांनी मिळूनच काम करावे लागते. म्हणजे एकट्या मामांची सही अडली की व्यवहार अडला.

लाभार्थींचा रकाना मात्र घाईने भरू नये. नावे एका कलमात, हिस्से परिशिष्टात आणि ‘लाभार्थी’ची व्याख्या आरंभीच्या पानावर, अशी विखुरणी असते. आपल्या डीडमध्ये आईला हयातीपर्यंत उत्पन्न आहे. तिच्यामागे मुद्दल मुलगा, मुलगी आणि नातवंडांना जाते. व्याख्येत ‘नातवंडे’ या शब्दापुढे ‘आज असलेली व पुढे जन्मणारी’ असे लिहिले आहे. आज नातू एकच, नऊ वर्षांचा. तरीही कागदावर दोन्ही गोष्टी लिहायच्या: एक लाभार्थी अज्ञान आहे आणि काही लाभार्थी अजून जन्मायचे आहेत.

आता गुंतवणूक. कलम म्हणते, ‘विश्वस्तांनी ट्रस्टचा पैसा केवळ राष्ट्रीयीकृत बँकांतील ठेवी, टपाल खात्याच्या योजना व सरकारी रोखे यांत गुंतवावा.’ 2016 च्या दुरुस्तीनंतर कायदा गुंतवणुकीबाबत पुष्कळ सैल झाला, पण डीडमधल्या सूचनांच्या अधीन राहून. इथे ‘केवळ’ असल्यामुळे म्युच्युअल फंड बाद. शिवाय आईला हयातीपर्यंत उत्पन्नाचा हक्क असल्याने, परवानगी असलेल्या गुंतवणुकीलाही तिची लेखी संमती घ्यावी लागते. घरातल्या घरात असली संमती कोणी कागदावर घेत नाही, आणि पुढे वाद झाला की नेमका तोच कागद मागितला जातो.

मग डीडच बदलू, असे मुलगा म्हणतो. दुरुस्तीचे कलम बहुधा शेवटच्या पानावर, ‘संकीर्ण’ या मथळ्याखाली दडलेले असते. खरे तर तेच आधी वाचावे, कारण बाकीचे रकाने किती पक्के आहेत हे तिथे ठरते. या डीडमध्ये ते असे आहे: ‘सर्व विश्वस्तांना एकमताने व सेटलरच्या लेखी पूर्वसंमतीने लाभार्थींच्या हिश्शांखेरीज अन्य कलमांत दुरुस्ती करता येईल.’ तीन अटी झाल्या. एकमत जमेल. हिश्शांना हात लावायचा नाही, तेही ठीक. पण सेटलर असलेले स्नेही 2021 मध्ये वारले. त्यांच्यामागे काय, याबद्दल डीड गप्प आहे. ‘सेटलरच्या हयातीत त्याच्या संमतीने’ असे लिहिले असते तर त्यांच्यानंतर विश्वस्तांना मोकळीक आहे असे म्हणता आले असते. वडिलांची संमती चालणार नाही. पैसा त्यांचा असला तरी सेटलर ते नाहीत.

उरतो कायद्याच्या कलम 11 चा मार्ग. करार करण्यास पात्र अशा सगळ्या लाभार्थींनी संमती दिली तर डीडमधल्या सूचनेत बदल करता येतो. आई, मुलगा, मुलगी सह्या करतील. नातवाच्या वतीने मात्र त्याच्या आईवडिलांची सही पुरत नाही. ती संमती मूळ अधिकारितेचे प्रमुख दिवाणी न्यायालय देऊ शकते, म्हणजे पुण्यात जिल्हा न्यायालय. नातू 18 वर्षांचा होईपर्यंत थांबू, असाही एक सूर घरात निघेल. पण व्याख्येत ‘पुढे जन्मणारी’ आहेत आणि मुलीचे लग्न अजून व्हायचे आहे. वकिलाकडे जाताना पाच रकान्यांचा तो कागद सोबत न्यावा आणि व्याख्येतल्या त्या ओळीखाली रेघ मारून न्यावी.