दहा भेटींचा हिशेब

2018 मध्ये फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपवून बीडला परतले, तेव्हा बार्शी रोडवर एक गाळा बघून ठेवला होता. डिपॉझिट, भाडं आणि मशिनींचा आकडा ऐकून वडील म्हणाले, "आधी पेशंट बघ, मग भिंती." मग स्कूटी काढली. पिशवीत बीपीचं मशीन, सांधा किती वाकतो ते मोजायचा गोनिओमीटर, दोन रबरी पट्टे आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक. भिंती आजही नाहीत. सात वर्षांच्या वह्या मात्र आहेत, आणि परवा त्या चाळून बघितल्या.

पहिली वही म्हणजे नुसती पळापळ. सकाळी धानोरा रोड, तिथून पेठ बीड, पुन्हा जालना रोड. व्यायाम पाऊण तासाचा आणि रस्ताही जवळपास तेवढाच. वर्षभरानं शहाणपण आलं. एका दिवशी एकाच दिशेचे पेशंट घ्यायला लागले, तेव्हा चारचे सहा झाले आणि पेट्रोलही कमी लागलं.

दुसऱ्या वहीत एक चूक आहे. अर्धांगवायूचे एक मामा होते, डावी बाजू गेलेली. मी रोज जायचे, व्यायाम घ्यायचे आणि निघायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना खांद्याला हात लावू देवेना. खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवलं, तर एक बोट मावेल एवढी खाच लागली. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानं सांधा खाली ओघळतो. त्यात मुलगा त्यांना उठवताना तोच हात धरून ओढत होता. दिवसातून किती वेळा, ते मी कधी विचारलंच नव्हतं. माझा पाऊण तास बरोबर होता, उरलेले सव्वातेवीस तास चुकत होते.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि भेटी बंद झाल्या. मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून बघू लागले. ज्या घरी कुणाला तरी नीट शिकवलं होतं, तिथले पेशंट टिकले. जिथे सगळं मीच करत होते, तिथले पुन्हा अंथरुणाला लागले.

2022 च्या सप्टेंबरात पालीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. साठीतले आजोबा, उजवी बाजू गेलेली. सून स्पष्ट म्हणाली, "मॅडम, दहाच वेळंचे पैसे हायेत. अन् दिवाळी झाली की आमी कोयत्यावर जाणार." म्हणजे तीनशे रुपयांप्रमाणे तीन हजार, आणि हातात दोन महिने. मागे राहणार होत्या आजी आणि आठवीतली नात.

रोज गेले असते तर दहा भेटी दीड आठवड्यात संपल्या असत्या. म्हणून त्या पसरवल्या. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात दोन, पुढे चार आठवडे एकेक, आणि शेवटची पंधरा दिवसांनी.

पहिली भेट सव्वा तास चालली. बाज इतकी खाली होती, की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर यायचे. तशा बसण्यातून धडधाकट माणसालाही उठायला जोर लागतो. चारी पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. झोपताना लुळ्या हाताखाली उशी ठेवायची, काखेत हात घालून किंवा हात ओढून उठवायचं नाही, कमरेला धरायचं, हे तिघींकडून करवून घेतलं. बीपीचं मशीन आजींच्या हवाली केलं. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे दिसला, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि मला फोन.

नातीला मोजणीचं काम दिलं. बाजेवरून उठून बसायचं, आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा. चौथ्या आठवड्यात तिनं अंगणात कोळशानं तीन मीटरवर रेघ मारली. खुर्चीतून उठायचं, काठी टेकत रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. पहिल्यांदा 52 सेकंद लागले. दहाव्या भेटीला 27. बोटांची पकड काही आली नाही. ती येईलच असं मी म्हटलंही नव्हतं. पण आजोबा संडासापर्यंत एकटे जायला लागले, आणि खांदा शाबूत राहिला.

तेव्हापासून शहरातल्या पेशंटलाही रोज जात नाही. पहिल्या भेटीचे पैसे जास्त घेते, कारण तिला वेळ जास्त लागतो. पुढच्या भेटी कमी करत नेते. एका घराकडून मिळणारं उत्पन्न घटलं, पण त्याच घरातून पुढचा पेशंट यायला लागला.

या कामात नव्यानं उतरणाऱ्यांना एवढंच सांगेन: पहिल्या दिवशी शिकवण्यासारखं माणूस घरात नसेल, तर तारीख बदलून घ्या.