आजोबा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगतात? आयुष्याचा हिशोब मांडण्याची ही पद्धत समजून घ्या

"आजोबा, हे तुम्ही आधी सांगितलंय!" घरात वयस्कर माणूस असेल तर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतंच. तीच नोकरी, तोच पूर, तीच भाऊबंदकी. आपण मोबाईलमध्ये डोकं घालून "हं, हं" करतो आणि मनात म्हणतो, वय झालं आता.

गंमत म्हणजे साठेक वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच डॉक्टरांचंही हेच मत होतं. म्हातारी माणसं भूतकाळात रमतात म्हणजे त्यांचा मेंदू थकलाय, असं मानलं जायचं. त्यांना आठवणींतून बाहेर काढून वर्तमानात आणा, असा सल्ला दिला जायचा.

हा समज हलवला तो रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने.

बटलर यांना काय दिसलं?

बटलर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत वृद्धांवर संशोधन करत होते. हे वृद्ध रुग्णालयातले आजारी नव्हते, चांगले धडधाकट होते. तरीही ते सतत जुन्या गोष्टी काढायचे आणि त्यातही काही ठरावीक प्रसंगांशी येऊन थांबायचे.

१९६३ साली बटलर यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला आणि या प्रक्रियेला नाव दिलं 'लाइफ रिव्ह्यू', म्हणजे आयुष्याचा आढावा. त्यांचं म्हणणं असं: मरण जवळ आल्याची जाणीव झाली की मन आपोआप मागे वळतं. जे प्रसंग तेव्हा नीट मिटले नाहीत, ते पुन्हा वर येतात. माणूस ते तपासून पाहतो आणि आपल्या आयुष्यात त्यांना कुठे बसवायचं ते ठरवतो.

पुढे १९७४ साली अमेरिकेत वार्धक्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे पहिले संचालक बटलरच होते.

पण त्याच निबंधात त्यांनी एक इशाराही दिला होता. हा आढावा नेहमी शांतीकडेच नेतो असं नाही. काही जण त्यातून अपराधीपणाच्या गर्तेत जातात, काही जण जगणंच नको म्हणण्यापर्यंत पोहोचतात. तेच आठवणं एकाला हलकं करतं आणि दुसऱ्याला बुडवतं. असं का होतं?

आठवणी काढणं आणि आढावा घेणं यात फरक आहे

"आमच्या वेळी गणपतीत काय मजा यायची!" ही झाली आठवण. ती सांगताना बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही मजा येते. पण त्यात तपासणं काही नसतं.

आढाव्यात तीन गोष्टी जास्तीच्या असतात. एक म्हणजे आयुष्य क्रमाने घेतलं जातं, लहानपणापासून आजपर्यंत. दुसरं म्हणजे कडू-गोड दोन्ही बोललं जातं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक टप्प्यावर माणूस त्याचं मोल ठरवतो: हे असं का झालं? तेव्हा माझ्या हातात काय होतं? आज मी त्याकडे कसं पाहतो?

पॉल वाँग आणि लिसा वॉट या संशोधकांनी १९९१ साली वृद्धांच्या आठवणींचे सहा प्रकार मांडले. त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला जुळवून घेणारा: माणूस चुकांसकट आयुष्य आपलं म्हणतो. दुसरा घोकणारा: एकच सल, एकच दोष, पुन्हा पुन्हा. समाधानाने म्हातारपण काढणाऱ्यांत पहिला प्रकार जास्त आढळला, तर दुसरा त्रासात असलेल्यांत.

हा फरक घरी ओळखता येतो. घोकणाऱ्या आठवणीत गोष्ट दर वेळी त्याच शब्दांत येते, त्याच वाक्यावर संपते आणि त्यात नवं माणूस किंवा नवा तपशील येत नाही. शेवटचं वाक्यही बहुतेक वेळा निकालासारखं असतं: "सगळं माझ्यामुळे झालं." आढाव्यात मात्र गोष्ट हलते. "तेव्हा मी फक्त तिशीत होतो," असं काहीतरी मध्येच निघतं.

हे प्रत्यक्षात कसं करतात?

बार्बरा हेट या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने बटलर यांच्या कल्पनेला ठरावीक रूप दिलं. बोलणारा एक, ऐकणारा एक. आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, सहा ते आठ आठवडे. आधी बालपण, मग किशोरवय, मग घर-संसार आणि कामाची वर्षं. शेवटच्या बैठका नवीन आठवणींसाठी नसतात. त्यात आतापर्यंत निघालेल्या सगळ्याकडे एकत्र पाहिलं जातं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, म्हणजे नीट कळेल.

समजा, ७८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, मुंबईत गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या अडीच लाख कामगारांपैकी ते एक. संप लांबला, नोकरी गेली. नववीतल्या मुलाची शाळा सुटली आणि तो वर्कशॉपमध्ये कामाला लागला. आज ते त्याच मुलाकडे राहतात आणि रोज एकदा तरी म्हणतात, "माझ्यामुळे पोराचं शिक्षण गेलं." झोप कमी झालीय, जेवणावर मन नाही.

त्यांची भाची नर्स आहे. ती डॉक्टरांना विचारून दर रविवारी तासभर बसायचं ठरवते. मुलगा स्वतः ऐकायला बसत नाही, कारण सल त्याच्याबद्दलचाच आहे. त्याच्यासमोर मामा एकतर गप्प बसतील नाहीतर माफी मागत राहतील.

पहिल्या रविवारी ती संपाचं नावही काढत नाही. "मामा, तुम्हाला आठवतंय ते अगदी पहिलं काय?" एवढंच विचारते. मामा गावच्या घरातल्या पडवीबद्दल बोलतात. दुसऱ्या रविवारी शाळा निघते. तिथे एक गोष्ट समोर येते: वडील वारले तेव्हा मामा सातवीत होते आणि आईने त्यांना शाळेतून काढलं. भाची ते वहीत लिहून ठेवते, टिप्पणी करत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीत मुंबई, बदली कामगाराचे दिवस, चाळीतली खोली, लग्न. पाचव्यात संप. इथे बोलणं अडखळतं, मामा रडतात. ती घाईने धीर देत नाही, "जाऊ द्या ना मामा, झालं ते झालं" म्हणत नाही. कारण हे वाक्य बोलणाऱ्याचं तोंड बंद करतं. त्याऐवजी ती तपशील विचारते. त्या महिन्यांत घर कसं चालायचं? सकाळी उठून तुम्ही कुठे जायचात? तेव्हा निघतं, की त्यांनी भाजी विकली, रात्री वॉचमनचं काम केलं, धाकट्या मुलीची फी मात्र एकदाही चुकवली नाही. रोजच्या त्या एका वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

सातव्या बैठकीत भाची वही उघडते आणि विचारते, "मामा, तुमचीही शाळा सुटली होती. आजीला तुम्ही कधी दोष दिलात का?"

"तिला कसला दोष? दिवसच तसे होते," मामा म्हणतात. आणि गप्प होतात.

भाची पुढचं वाक्य जोडत नाही. ते जोडणं मामांचं काम आहे. ऐकणाऱ्याने अर्थ सांगून टाकला, तर तो उपदेश होतो आणि दुसऱ्या दिवशी विरून जातो.

शेवटच्या रविवारी दोन प्रश्न उरतात. पुन्हा जगायला मिळालं तर काय बदलाल? आणि काय तसंच ठेवाल? मामा सांगतात, संपात पुन्हाही उतरलो असतो. पण पोराला शाळेतून काढायचं ते त्याला न विचारता ठरवलं, ते चुकलं. म्हणजे खंत गेली नाही. पण "सगळं माझ्यामुळे" एवढ्या मोठ्या ओझ्यातून त्यांच्या वाट्याचा तुकडा वेगळा निघाला. तेवढ्या तुकड्याबद्दल मुलाशी बोलता येतं.

याचा खरंच उपयोग होतो का?

पिन्क्वार्ट आणि फोर्स्टमायर या संशोधकांनी २०१२ साली १२८ अभ्यास एकत्र करून पाहिले. आठवणींवर आधारलेल्या पद्धतींनी नैराश्याची लक्षणं कमी होतात, असं त्यात दिसलं. नुसत्या गप्पांपेक्षा आढाव्यावर आधारलेल्या उपचारांचा परिणाम जास्त होता आणि ज्यांना नैराश्याचा त्रास जास्त होता त्यांना फायदाही जास्त झाला. अर्थात असे उपचार प्रशिक्षित माणसं करतात.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी जुने फोटो, गाणी, वापरातल्या वस्तू घेऊन साध्या आठवणी काढतात. २०१८ सालच्या कोक्रेन आढाव्यानुसार त्याचे फायदे लहान आहेत आणि सगळीकडे सारखे दिसत नाहीत. "तुम्ही तेव्हा असं का केलंत?" हे त्यांना विचारत बसू नये. आठवलं नाही की त्रासच वाढतो.

कधी थांबायचं?

बैठकीनंतर माणूस थोडा उदास होणं साहजिक आहे. पण दोन-तीन बैठकांनंतरही दुसऱ्या दिवशीपर्यंत झोप उडत असेल, एकाच प्रसंगाचं घोकणं वाढत असेल, तर ते थांबवून डॉक्टरांकडे जा. जोडीदार नुकताच गेला असेल, किंवा मारहाण-अत्याचारासारखी जखम वर येत असेल, तर हे काम घरच्यांनी करू नये. प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि "आता जगून काय करू" असं बोलणं आलं तर ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर.

एक गोष्ट मात्र आजही करता येते. पुढच्या वेळी आजोबांनी तीच गोष्ट सुरू केली, की त्यांनी आजवर न सांगितलेला एक तपशील विचारा. तेव्हा तुमचं वय काय होतं? सोबत कोण होतं? घरी आल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? उत्तर द्यायला ते क्षणभर थांबले, तर समजा गोष्ट हलली. मग मध्ये बोलू नका.