ॲप काढले, खातेही मिटवले... तरी ऑटोपेने पैसे का कापले जातात?

सुट्टीत मुलासाठी घेतलेले शिकवणीचे ॲप शाळा सुरू झाल्यावर कोणी उघडत नाही. एके दिवशी मोबाइलची मेमरी भरली म्हणून ते काढून टाकले जाते. जास्त काळजीपूर्वक वागणारे पालक त्याआधी ॲपमधले खातेही डिलीट करतात. आणि पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला बँकेचा मेसेज येतो : ऑटोपेद्वारे २९९ रुपये वजा.

यात दर वेळी फसवणूकच झालेली असते असे नाही. बहुतेकदा गोंधळ होतो तो तीन बटणांचा. Pause, Cancel आणि Delete account ही तिन्ही बटणे ऐकायला सारखीच, म्हणजे 'बंद करणारी' वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक बटण वेगळी गोष्ट बंद करते आणि त्यातले एक तर पैशांना हातच लावत नाही.

पैसे नेमके कोण कापते?

मोबाइलवरून सबस्क्रिप्शन घेतले की तीन ठिकाणी नोंद होते. पहिली ॲपवाल्या कंपनीकडे. तिथे तुमचे नाव, मोबाइल क्रमांक आणि मुलाने सोडवलेल्या चाचण्यांचे गुण असतात. दुसरी नोंद ज्याने सबस्क्रिप्शन विकले त्याच्याकडे. ॲपमधूनच पैसे भरले असतील, तर हा विक्रेता सहसा ॲपवाला नसतो. अँड्रॉइड फोनवर तो गुगल प्ले असतो, आयफोनवर ॲपल. तिसरी नोंद बँकेकडे, म्हणजे यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर तुम्ही दिलेली कायमची परवानगी. तिला मँडेट म्हणतात.

दर महिन्याचे बिल निघते ते दुसऱ्या नोंदीवरून. विक्रेता बिल काढतो आणि बँक मँडेट पाहून पैसे देते. ॲपमधले खाते या साखळीत कुठेच नसते. बँकेच्या मेसेजमध्ये ॲपचे नाव न दिसता बऱ्याचदा गुगल किंवा ॲपलचे दिसते, ते यामुळेच. सबस्क्रिप्शन ॲपवाल्याच्या वेबसाइटवरून थेट घेतले असेल, तर मात्र विक्रेता तोच असतो आणि ते बंदही तिथेच करावे लागते. त्यामुळे सबस्क्रिप्शन घेताना आलेला पहिला ईमेल शोधावा. तो कोणाकडून आला आहे, यावरून विक्रेता लगेच कळतो.

एकच तारीख, तीन बटणे

समजा, महिना २९९ रुपयांचे हे सबस्क्रिप्शन गुगल प्लेवरून १२ जूनला सुरू झाले. १२ जुलैला दुसरा हप्ता गेला. २० जुलैला आईने ठरवले की आता हे नको. पुढची वजावट १२ ऑगस्टला आहे. यानंतर काय होईल, हे तिने कोणते बटण दाबले त्यावर ठरते.

तिने दोन महिन्यांसाठी Pause केले, तर त्या दिवशी काहीच बदलत नाही. पैसे भरलेले आहेत, म्हणून ॲप १२ ऑगस्टपर्यंत चालत राहते. खरा विराम त्या दिवशी सुरू होतो. त्यानंतर दोन महिने ॲपचे पैसे देऊन घेतलेले भाग उघडत नाहीत आणि पैसेही जात नाहीत. पण १२ ऑक्टोबरला सबस्क्रिप्शन आपोआप जागे होते आणि २९९ रुपये कापले जातात. पुन्हा कोणी विचारत नाही, कारण होकार मूळ सबस्क्रिप्शनमध्येच होता. Pause म्हणजे पुढच्या तारखेला दिलेला होकारच. मध्येच, म्हणजे २५ सप्टेंबरला, मुलाने सहज ॲप उघडून विराम संपवणारे बटण दाबले, तर पैसे त्याच दिवशी जातात आणि इथून पुढे दर महिन्याची तारीखही १२ ऐवजी २५ होते.

गुगल प्लेवर मासिक सबस्क्रिप्शनचा विराम जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो, तोही ॲपवाल्याने ही सोय ठेवली असेल तरच. फुकट चाचणीच्या काळात ती मिळत नाही. ॲपलच्या सबस्क्रिप्शन यादीत तर विरामाचे सर्वसाधारण बटणच नाही. तिथे रद्द करायचे आणि हवे तेव्हा पुन्हा घ्यायचे. खरे तर अँड्रॉइडवरही बहुतेकांना हेच सोयीचे पडावे. Pause फक्त त्यांच्या उपयोगाचा, ज्यांना नक्की ठाऊक आहे की दोन महिन्यांनी हे पुन्हा लागणार आहे.

तिने Cancel केले, तर ॲप तसेच १२ ऑगस्टपर्यंत चालते. त्या दिवशी पैसे जात नाहीत आणि पुढेही कधी जात नाहीत. जुलैच्या हप्त्यातले उरलेले दिवस वाया जात नाहीत, मात्र त्यांचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. त्यामुळे रद्द करण्यासाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात काहीच फायदा नाही. उलट तोटा आहे. ॲपलच्या नियमानुसार फुकट चाचणी संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावे लागते. चाचणीच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता आठवण झालेल्यांची पंचाईत होते ती इथेच. Cancel केल्यावर मुलाचे खाते, गुण, जुन्या चाचण्या सारे ॲपवाल्याकडे शाबूत राहते. पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरले की सहसा तेच खाते उघडते.

आणि तिने ॲपमध्ये जाऊन फक्त Delete account केले, तर पहिली नोंद पुसली जाते. मुलाची माहिती जाते, लॉगइन बंद होते. दुसरी आणि तिसरी नोंद मात्र जागच्या जागी राहू शकते. तसे झाले, तर १२ ऑगस्टला २९९, १२ सप्टेंबरला २९९, १२ ऑक्टोबरला २९९. तीन महिन्यांत ८९७ रुपये अशा ॲपचे जातात, ज्यात शिरायला आता खातेच उरलेले नाही. तिन्हींतले सर्वांत कडक वाटणारे बटण खिशाला सर्वांत महाग पडते ते असे.

ॲप फोनमधून काढून टाकण्याचीही हीच गत. त्याने तर पहिली नोंदसुद्धा पुसली जात नाही.

डिलीट केल्यावर रद्द का होत नाही?

खाते मिटवण्याचे बटण पूर्वी शोधूनही सापडत नसे. ॲपलने ३० जून २०२२ पासून नियम केला, की ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते, त्याच ॲपमध्ये ते मिटवताही आले पाहिजे. गुगल प्लेनेही नंतर तशीच अट घातली. माहितीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट झाली. पण बटण समोर आले आणि लोक त्यालाच 'सगळे बंद' समजू लागले.

आयफोनवर ॲपवाल्याला ग्राहकाचे सबस्क्रिप्शन स्वतःहून रद्द करता येत नाही; ते ग्राहकानेच ॲपलकडे करायचे असते. गुगल प्लेवर ॲपवाल्याला ते करता येते, पण प्रत्येक जण करतोच असे नाही. खाते मिटवताना 'तुमचे बिल सुरू राहील' अशी एक ओळ दिसते. ती छोट्या अक्षरांत असते आणि खाली लाल बटण असते. लोक बटण वाचतात.

याहून अवघड प्रसंग येतो तो गुगल खातेच मिटवल्यावर किंवा जुन्या ईमेलचा पासवर्ड हरवल्यावर. सबस्क्रिप्शन त्या ईमेलला बांधलेले असते. नव्या ईमेलने प्ले स्टोअर उघडले, तर यादी रिकामी दिसते आणि 'आपले काहीच सुरू नाही' असा समज होतो. घरात एकाच फोनवर दोन-तीन ईमेल असतील, तर प्रत्येक ईमेल निवडून यादी तपासावी लागते.

मग बँकेतूनच थांबवले तर?

विक्रेत्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तेव्हा हाच दरवाजा उरतो. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कार्डावरच्या अशा वजावटीआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि ती वजावट किंवा सगळे मँडेटच नाकारण्याची सोय असली पाहिजे. यूपीआयच्या ॲपमध्येही Autopay नावाचा विभाग असतो. तिथे सुरू असलेली मँडेट दिसतात आणि ती थांबवता किंवा रद्द करता येतात. १५ हजार रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या वजावटीला दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हणून ती आदल्या दिवशीची सूचना हाच काय तो इशारा असतो. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात तो मेसेज हरवतो, हा भाग वेगळा.

पण इथलीही मेख लक्षात घ्यावी. बँकेने पैसे नाकारले, तरी विक्रेत्याच्या वहीत सबस्क्रिप्शन लगेच संपत नाही. तिथे 'पैसे आले नाहीत' अशी नोंद होते, काही दिवस पुन्हा प्रयत्न होतो आणि मग सेवा अडवून ठेवली जाते. त्या काळात त्याच खात्याला दुसरे कार्ड जोडले, तर थकलेली वर्गणी त्यावरून वसूल होऊन सारे पूर्ववत सुरू होऊ शकते. करार वर्षाचा आणि हप्ता महिन्याचा असेल, तर मँडेट तोडल्याने उरलेल्या हप्त्यांचे देणेही मिटत नाही.

क्रम कोणता?

आधी विक्रेत्याकडे जाऊन रद्द करावे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी मारायची, Payments & subscriptions आणि मग Subscriptions. आयफोनवर Settings मध्ये सर्वांत वर असलेले आपले नाव आणि मग Subscriptions. रद्द झाले याची खूण म्हणजे पुढच्या वजावटीच्या तारखेऐवजी तिथे सबस्क्रिप्शन संपण्याची तारीख दिसू लागते आणि तसा ईमेल येतो. 'पुन्हा विचार करा', 'निम्म्या किमतीत घ्या', 'त्याऐवजी विराम घ्या' अशा पडद्यांवरच थांबून अनेक जण परत फिरतात आणि काम झाले असे मानतात. ईमेल आला नसेल, तर काम झालेले नाही.

त्यानंतर ऑटोपेच्या यादीत ते मँडेट अजून दिसते का, ते पाहावे. दिसले तर तिथूनही काढावे. जुनी बिले हवी असतील तर उतरवून घ्यावीत. खाते मिटवायचेच असेल, तर ते सर्वांत शेवटी.

रद्द करण्याची वाट मुद्दाम लांबवणे किंवा लपवणे याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटले आहे आणि अशा युक्त्यांना मनाई आहे. तशी अडवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते. त्या वेळी रद्द केल्याचा ईमेल, त्या पडद्याचा स्क्रीनशॉट आणि त्यानंतर पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज हाताशी असावा. तिन्हींवर तारीख दिसत असेल, तर वजावट रद्द केल्यानंतर झाली हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.