तळताना कवच सुटू नये म्हणून

मासळी तळताना वरचे कवच सुटून कढईत चुरा होतो ना? दोष ओलाव्याचा. तेलात त्याची वाफ होते नि ती कवच उचलते.

सुरमईच्या 6 तुकड्यांना मीठ-हळद लावल्यावर सुटलेले पाणी फडक्याने टिपा. तुकडी मैद्यात घोळवून जादा पीठ झटका. थर जाड राहिला तर अंडे पिठाला धरते, मासळीला नाही. 1 अंडे चमचाभर पाणी घालून फेटा, त्यात तुकडी बुडवून निथळा. मग पावाच्या वाळलेल्या चुऱ्यात ठेवून तळव्याने हलके दाबा. पंधरा मिनिटे ताटात सुट्या ठेवा, म्हणजे थर घट्ट बसतो.

तेलात चिमूटभर चुरा टाकताच बुडबुडे आले, की तुकड्या सोडा. खालची बाजू तांबूस होईपर्यंत उलटू नका. बटाट्याच्या कटलेटलाही हीच रीत; मात्र सारण कोरडे हवे.